व्हॅन झिजते, लायसन्स संपतं

*ताई, सप्रेम नमस्कार. सांगलीजवळ आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे. मी आणि धाकटा भाऊ भागीदारीत चालवतो. गेल्या दसऱ्याला बँकेचं कर्ज काढून माल पोचवायला व्हॅन घेतली. दिवाळी पाडव्याला बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर घेतलं. आमच्याच कॉम्प्युटरवर बसवलेलं, तीन वर्षांचं लायसन्स, पैसे एकरकमी. आता सीएंनी पाठवलेल्या हिशेबात व्हॅनला घसारा आणि सॉफ्टवेअरला अमॉर्टायझेशन लावलंय. पण बँकेनं व्हॅनच्या कर्जाबरोबर दिलेल्या कागदावर ‘अमॉर्टायझेशन शेड्यूल’ असं छापलंय! मग व्हॅनला नक्की काय लागतं? त्यात आयकराच्या तक्त्यात आकडे निराळेच, आणि तिथे दोन्हींना घसाराच म्हटलंय. भाऊ म्हणतो सीएंचं चुकलंय. सॉफ्टवेअरचे पैसे तर देऊन झाले, सरळ खर्ची का टाकू नयेत? बिलांच्या आणि हिशेबाच्या प्रती जोडल्या आहेत.*

*— फरसाणवाले, सांगली*

नमस्कार. प्रती बघितल्या. सीएंचं चुकलेलं नाही, हे धाकट्या भावाला आधी सांगून टाका.

बँकेचा तो कागद व्हॅनच्या फाइलमधून काढून कर्जाच्या फाइलमध्ये लावा. शब्द तोच असला तरी तो कागद व्हॅनबद्दल नाही, कर्जाबद्दल आहे. दर महिन्याच्या हप्त्यातले किती रुपये व्याजात जातात आणि किती मुद्दलात, मुद्दल कसं उतरत उतरत शून्यावर येतं, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. त्यातलं व्याज तुमचा खर्च. मुद्दल हा खर्च नाही, ती उसन्याची परतफेड. व्हॅन तुम्ही कर्ज न काढता घेतली असती तरी तिचा घसारा तेवढाच राहिला असता. हे ठासून सांगते, कारण हप्ताच पूर्ण खर्ची टाकायचा आणि वर घसाराही लावायचा, असं करणारे हिशेबनीस मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यात व्हॅनची किंमत दोनदा खर्ची पडते. मग बँकेतला साहेब ताळेबंद उलटून विचारतो, तुमचं कर्ज कमी का होत नाही हो?

आता व्हॅन. बिलावर जीएसटीशिवाय किंमत ५,६०,००० रुपये आहे. जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेतलंय आणि मालवाहू गाडी असल्यानं ते मिळतंही, म्हणून तो कर व्हॅनच्या किमतीत धरायचा नाही. क्रेडिटही घेतलं आणि त्याच रकमेवर घसाराही लावला, तर जीएसटीचा कायदा ते क्रेडिट नाकारतो. आरटीओचा एकरकमी कर आणि नोंदणी ४०,०००, आत रॅक बसवले आणि बाहेर दुकानाचं नाव रंगवलं त्याचे २०,०००. हे दोन्ही किमतीत मिळवायचे, कारण त्याशिवाय गाडी तुमच्या कामाला लागली नसती. झाले ६,२०,०००. विम्याचे पैसे मात्र यात धरायचे नाहीत. विमा वर्षभराचा असतो, वर्ष सरलं की संपतो. सीएंनी तो वेगळा काढलाय, हे बरं केलं.

हे ६,२०,००० एकाच वर्षात खर्ची का टाकायचे नाहीत? कारण पुढची काही वर्षं ती गाडी मिरज, इस्लामपूर, तासगाव फिरून तुमचा माल विकणार आहे. सगळा खर्च पहिल्याच वर्षाच्या बोकांडी बसवला, तर ते वर्ष तोट्याचं दिसेल आणि पुढची वर्षं उगाच गुटगुटीत दिसतील. म्हणून जितकी वर्षं गाडी राबणार, तितक्यांत खर्च वाटायचा.

पण किती वर्षं? हे कुठल्याही बिलावर छापलेलं नसतं, ते तुम्हालाच ठरवावं लागतं. रस्ते कसे, रोज किती किलोमीटर, ड्रायव्हर कसा, सगळ्याचा त्यात वाटा. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट २ मध्ये स्वतःच्या वापराच्या मालगाडीला ८ वर्षं आणि भाड्यानं फिरवायच्या गाडीला ६ वर्षं असं आयुष्य दिलंय. तुमची भागीदारी, त्यामुळे ते तुमच्यावर बंधनकारक नाही, पण अंदाजाला उपयोगी. तुम्ही सीएंना सांगितलंत की पाच वर्षांनी गाडी काढून नवी घेणार आणि तेव्हा साधारण १,७०,००० येतील. ही विक्रीची अपेक्षित रक्कम घसाऱ्यात धरायची नाही, ती तुम्हाला परत मिळणारच आहे. उरले ४,५०,०००. भागिले पाच, म्हणजे वर्षाला ९०,०००, महिन्याला ७,५००. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, म्हणून या वर्षी ४५,०००. नोंद अशी: घसारा खाते नावे ४५,०००, व्हॅन खाते जमा ४५,०००.

पैशाला पाय फुटत नाहीत या नोंदीत, एवढं ध्यानात घ्या. बँकेतून एक रुपयाही जात नाही. त्यामुळे ‘नफा कमी दिसतो पण बँकेत शिल्लक आहे’ हे कोडं वाटतं, पण कोडं नाही. व्हॅनचे पैसे गेले दसऱ्याला, खर्च पडतोय आत्ता.

मला विचाराल तर व्हॅनला ‘दर वर्षी सारखा’ यापेक्षा ‘उरलेल्या किमतीवर टक्केवारी’ ही पद्धत जास्त पटते. नवी गाडी पहिल्या दोन वर्षांत भराभर उतरते, दुरुस्ती मात्र नंतर वाढते. सुरुवातीला घसारा जास्त, दुरुस्ती कमी, पुढे उलट, असं झालं की गाडीचा एकूण बोजा वर्षागणिक सारखा राहतो. पण सीएंनी दर वर्षी सारखा घसारा धरलाय तोही बरोबर आहे. एक पद्धत धरली की धरसोड करू नका, एवढंच.

लायसन्सकडे येऊ. बिल १,०८,००० रुपयांचं, जीएसटी वगळून. मुदत १ नोव्हेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२८. इथे व्हॅनसारखा अंदाज करायची गरजच पडत नाही. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालवा नाहीतर महिनाभर बंद ठेवा, लायसन्स झिजत नाही. ते तारखेला संपतं. ३१ ऑक्टोबर २०२८ च्या दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर नूतनीकरणाची पाटी येईल आणि बिल निघायचं थांबेल. आणि जुन्या लायसन्सला भंगारवाला काही देत नाही. म्हणून विक्रीची किंमत शून्य, आयुष्य बरोबर ३६ महिने, दर महिन्याला ३,००० रुपये. या वर्षी नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, १५,०००. पुढची दोन वर्षं ३६,००० प्रत्येकी, शेवटच्या वर्षी सात महिन्यांचे २१,०००. बेरीज करा, १,०८,००० येते. नोंदही तशीच: अमॉर्टायझेशन खाते नावे, सॉफ्टवेअर लायसन्स खाते जमा.

म्हणजे हात लावता येतो, डोळ्यांना दिसतं, त्या मालमत्तेचा खर्च वाटला की घसारा. ज्याला हात लावता येत नाही, नुसता वापरायचा हक्क आहे, त्याचा वाटला की अमॉर्टायझेशन. अमूर्त मालमत्तेसाठी आपल्याकडे लेखामानक २६ आहे. त्याचं म्हणणं असं, की अशा मालमत्तेची विक्री-किंमत शून्यच धरायची. अपवाद दोनच: दुसऱ्या कोणी ती ठरल्या वेळी विकत घ्यायचं कबूल केलंय, किंवा तिला खरोखरचा चालता बाजार आहे. आणि करारानं मिळालेला हक्क असेल, तर करारापेक्षा लांब आयुष्य धरायचं नाही, नूतनीकरणाची जवळजवळ खात्री असल्याशिवाय. ‘आम्ही पुढेही हेच सॉफ्टवेअर घेणार’ असं तुम्हाला मनातून वाटतं, ही खात्री नव्हे. त्याला पुन्हा नवे पैसे पडणार आहेत, म्हणून ते नवं लायसन्स.

‘दोघांनाही घसारा म्हणा आणि एकच टक्का लावा, काय बिघडतं?’ असं तुमच्या हिशेबनिसानं म्हटलं, तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा. सॉफ्टवेअरला आयकरात ४० टक्के दर आहे. पुष्कळ लहान फर्ममध्ये तोच दर पुस्तकातही लावतात, कारण दोन तक्ते करायचा कंटाळा. तुमच्या लायसन्सचं तसं केलं, तर पहिल्या वर्षी अर्ध्या दरानं २१,६०० जातात आणि ३१ मार्च २०२६ ला ८६,४०० उरतात. पुढच्या मार्चला ५१,८४०. त्याच्या पुढच्या मार्चला ३१,१०४. आणि ३१ मार्च २०२९ ला, लायसन्स मरून पाच महिने झाल्यावर, तुमच्या ताळेबंदात अजून १८,६६२ रुपयांचं सॉफ्टवेअर बसलेलं असेल! जे उघडतसुद्धा नाही, ते मालमत्ता म्हणून दाखवलेलं. व्हॅनच्या बाबतीत हे इतकं बोचत नाही, कारण पाचव्या वर्षीही गाडी दारात उभी असते आणि तिला काही किंमत असते. टक्केवारीची पद्धत कधी शून्यावर येतच नाही, त्यामुळे तारखेला मरणाऱ्या गोष्टीला ती चालत नाही.

आयकराचा तक्ता निराळा का, हा तुमचा पुढचा प्रश्न. तिथला कायदा तुमच्या गाडीचं आयुष्य किती ते विचारत नाही. तो मालमत्तांचे गट करतो आणि गटाला दर लावतो, उरलेल्या किमतीवर. तुमची व्हॅन स्वतःचा माल नेते, भाड्यानं फिरत नाही, म्हणून १५ टक्के. भाड्यानं फिरणाऱ्या मालगाडीला ३० असतो. सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्याच गटात, ४० टक्के. आणि १९६१ चा आयकर कायदा पेटंट, ट्रेडमार्क, लायसन्स वगैरे अमूर्त गोष्टींनाही घसाराच देतो. अशा लायसन्सला वेगळा शब्द त्यात नाही. म्हणून तक्त्यात दोन्हींपुढे तुम्हाला एकच शब्द दिसला.

त्या तक्त्यात एक गंमत आहे, ती बघा. मालमत्ता ज्या वर्षी घेतली त्याच वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर त्या वर्षी दर अर्धा होतो. तुमचा दसरा २ ऑक्टोबर २०२५ चा. त्या दिवसापासून ३१ मार्चपर्यंत मोजा, १८१ दिवस होतात. पूर्ण १५ टक्के, ६,२०,००० वर ९३,०००. गाडी ४ ऑक्टोबरला रस्त्यावर आली असती तर १७९ दिवस आणि ४६,५००. दोन दिवसांत निम्मा आकडा गेला असता. आदल्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला होता, तेव्हा दसऱ्याला गाडी घेणाऱ्या कोणालाच पहिल्या वर्षी पूर्ण दर मिळाला नाही. तुमचं लायसन्स १ नोव्हेंबरपासून, १५१ दिवस, म्हणून अर्धा दर, वीस टक्के, २१,६००.

मात्र इथे मोजायची तारीख ‘घेतली’ ही नव्हे, ‘वापरात आणली’ ही. पूजा झाली, नारळ फुटला, हार घातला, याला वापर म्हणत नाहीत. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकानं मुहूर्तावर गाडी आणली आणि मग ती आठवडाभर बॉडीवाल्याकडे रॅक बसवायला पडून राहिली. तपासणीत पहिल्या फेरीचं चलन मागितलं, ते निघालं मुहूर्तानंतर दहा दिवसांचं. अर्धा दर पडला आणि वर व्याज. तुमच्या बिलांत रॅकचं बिल २५ सप्टेंबरचं दिसतंय, म्हणजे रॅक आणि रंग आधीच करून गाडी दसऱ्याला ताब्यात घेतलीत. पण २ ऑक्टोबरची पहिली फेरी दाखवणारं डिलिव्हरी चलन किंवा डिझेलची पावती मला प्रतींमध्ये सापडली नाही. ती आजच शोधा. ४६,५०० रुपयांचा प्रश्न त्या एका कागदावर आहे.

तर या वर्षी पुस्तकात दोन्ही मिळून ६०,००० खर्च पडलाय आणि आयकरात १,१४,६००. फरक ५४,६००, तेवढा नफा कर मोजताना कमी धरला जाईल. हा काही कायमचा फायदा नव्हे. पुढच्याच वर्षी व्हॅनचा आयकरातला घसारा ७९,०५० होईल आणि पुस्तकातला ९०,०००. फरक हळूहळू उलटा फिरतो. लायसन्सचं तर आणखी गमतीचं. २०२८ मध्ये ते संपलं तरी आयकरातल्या गटात त्याची उरलेली रक्कम राहील, कारण त्याच गटात तुमचे कॉम्प्युटर आहेत आणि गट जिवंत आहे. पुस्तकात मेलेलं सॉफ्टवेअर ठेवणं चूक, आयकराच्या गटात ते राहणं बरोबर. म्हणूनच दोन तक्ते लागतात.

व्हॅन पाच वर्षांनी विकाल तेव्हाही असंच. १,७०,००० चा अंदाज होता आणि २,१०,००० आले, तर पुस्तकात ४०,००० नफा दाखवायचा. आयकरात ती रक्कम गटातून वजा होते, नवी गाडी गटात मिळवली जाते आणि बहुतेक वेळा वेगळा नफा निघतच नाही.

भावाच्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर मात्र ‘नाही’ इतकं सरळ नाही. सॉफ्टवेअर सरळ खर्ची टाकता येतं, पण कुठल्या प्रकारचं, ते बघायला हवं. तुमचं लायसन्स तुमच्या कॉम्प्युटरवर बसवलेलं आहे, तीन वर्षं वापरायचा हक्क तुमच्या हातात आहे, म्हणून ती मालमत्ता. हेच एका वर्षाचं घेतलं असतं, तर अमॉर्टायझेशनच्या फंदात कोणी पडलं नसतं, सरळ खर्च. आणि आजकाल बरंच काही क्लाउडवर असतं, म्हणजे प्रोग्रॅम त्यांच्या सर्व्हरवर, तुम्ही नुसतं लॉगिन करून वापरता, वर्गणी थांबली की दार बंद. तिथे तुमच्या ताब्यात काहीच नसतं. त्यामुळे तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली तरी ती सॉफ्टवेअर मालमत्ता होत नाही. ती आगाऊ दिलेला खर्च, अगदी तुमच्या विम्यासारखी. विम्याचे पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंतचे महिने सीएंनी आगाऊ खर्चात टाकलेत बघा, तसंच. नफ्यावरचा परिणाम जवळजवळ तोच, महिन्याला तेवढीच रक्कम जाते, पण ताळेबंदात जागा वेगळी आणि आयकरात ४० टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. बिलावर ‘लायसन्स’ लिहिलंय की ‘सबस्क्रिप्शन’ यावर जाऊ नका, विकणारे वाटेल ते लिहितात. इंटरनेट बंद केल्यावर प्रोग्रॅम तुमच्याकडे चालतो का आणि तो तुमच्याच मशीनवर ठेवायचा हक्क करारात आहे का, हे बघा. दोन्हीला ‘हो’ असेल तर तुमचा. सीएंना बिलासोबत कराराचं पानही पाठवत जा.

आणि मध्येच ते सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर? समजा ३० जून २०२७ ला तुम्ही दुसरं घेतलं. तोवर वीस महिने झाले, ६०,००० खर्ची पडले, ४८,००० उरले. हे ४८,००० पुढे तीन-तीन हजारांनी काढत बसायचे नाहीत. ज्या दिवशी वापर कायमचा थांबला, त्या दिवशी सगळे एकदम तोट्यात. व्हॅनचा अपघात होऊन ती मोडीत गेली, तर विम्याची रक्कम वजा करून तिचंही हेच.

कारकुनाला दोन गोष्टी करायला सांगा. लायसन्सच्या बिलावर लाल पेनानं ३१ ऑक्टोबर २०२८ लिहा आणि तीच तारीख संगणकातल्या त्या खात्याच्या नावातही टाका, म्हणजे बदललेल्या हिशेबनिसालाही समजेल. व्हॅनच्या फाइलमध्ये ऑक्टोबरमधली पहिली चलनं आणि डिझेलच्या पावत्या लावा. आणि दर मार्चला कॅलेंडरकडे नव्हे, किलोमीटरच्या आकड्याकडे बघून पाच वर्षांचा अंदाज अजून जमतोय का ते स्वतःला विचारा. कोल्हापूरची लाइन सुरू केलीत आणि गाडी चारच वर्षांत थकणार असं दिसलं, तर उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांत वाटून घ्या. मागचे हिशेब उकरायचे नाहीत.

डिझेलची पावती सापडली का, ते कळवा.